‘आता ठीक आहे’

रात्रपाळीत यंत्र बंद पडते त्याचे मला फारसे दुःख होत नाही. त्याबद्दल सकाळी साडेसहाला लॉगबुकात चार ओळी लिहाव्या लागतात, त्याचे होते. आमच्या एअरजेट मागांच्या शेडमध्ये दाबाच्या हवेशिवाय आडवा धागा वीतभरही सरकत नाही. त्यामुळे 2:40 ला दोन नंबरचा स्क्रू कॉम्प्रेसर तापून ट्रिप झाला, तेव्हा माग एकामागून एक थांबले आणि त्या अचानक शांततेने मी दचकून जागा झालो. (जागाच होतो, असे लॉगबुकासाठी समजावे.)

माझा पहिला मसुदा असा होता : ‘कॉम्प्रेसरने रात्री त्रास दिला. आता ठीक आहे.’ वाचून समाधान वाटले; मग लक्षात आले की ‘ठीक’ आहे तो लहान, राखीव तीन नंबर, आणि हे वाक्य वाचून पहिल्या पाळीचा मनुष्य निर्धास्तपणे दोन नंबरचे बटण दाबेल. दुसऱ्या मसुद्यात मी सगळेच लिहिले, अगदी फिटरला उठवताना त्याने काय म्हटले तेही. पान संपले, पण दोन नंबर चालवायचा की नाही, हे त्यात कुठेच नव्हते.

तिसऱ्या मसुद्यात ‘कूलर चोकअप झाल्याने ट्रिप’ असे ठामपणे लिहिले आणि खोडले. कूलरच्या पत्र्यांवर रुईची गादी बसलेली मी डोळ्यांनी पाहिली होती, हे खरे; पण पंख्याची मोटर किंवा तेलाचा थर्मल व्हॉल्व्ह मी तपासलाच नव्हता. माझा अंदाज निदान म्हणून लिहिला असता, तर सकाळच्या मंडळींनी कूलर धुऊन चहा घेतला असता आणि कॉम्प्रेसर पुन्हा तापला असता.

शेवटी उतरले ते असे :

‘2:40 ला कॉ. क्र. 2 तापमान 110 अंशांवर ट्रिप. थंड करून एकदा रीसेट केला; 15 मिनिटांत पुन्हा 110 वर ट्रिप. तेलाची पातळी बरोबर. कूलरवर रुई दिसली. बाहेरून साफ केली, आतून बाकी. पंखा व थर्मल व्हॉल्व्ह तपासलेले नाहीत. सध्या क्र. 3 चालू, दाब 6 बार. तो टिकावा म्हणून 8 माग बंद ठेवले आहेत, ते सुरू करू नयेत. क्र. 2 चे पॅनेल उघडे आहे, चालू करू नये. मेन स्विचला कुलूप. चावी फळ्याच्या खिळ्यावर.’

पहिल्या पाळीच्या इनचार्जनी ते दोनदा वाचले, एकही प्रश्न विचारला नाही, आणि मी विजयी मुद्रेने घरी जाऊन झोपलो. नऊ वाजता पत्नीने हलवून उठवले. तिच्या एका हातात धुवायला काढलेली माझी पँट होती, दुसऱ्यात वाजणारा फोन, आणि पँटच्या खिशातून नुकतीच खणकन जमिनीवर पडलेली ती चावी.