बाराशे पन्नास रुपयांचं लफडं

परवा भविष्य निर्वाह निधीच्या कार्यालयात, खिडकीपलीकडच्या मॅडमनी माझं पासबुक पाहून न पाहिल्यासारखं केलं आणि म्हणाल्या, "पेन्शन जमा होतंय ना? मग तक्रार काय आहे?" माझ्या मागे रांग होती. रांगेतली दोन-तीन माणसं हसली. तेवढ्यासाठी मी अर्ध्या दिवसाची रजा टाकून आलो होतो.

तक्रार काय आहे, हे थोडक्यात सांगतो. २०१८पर्यंत मी खासगी क्लास घ्यायचो, पीएफ म्हणजे दुसऱ्यांची गंमत होती. मग सत्तेचाळिसाव्या वर्षी नोकरी लागली, मूळ पगार अठ्ठावीस हजार. त्याचे बारा टक्के, म्हणजे ३,३६० रुपये, माझ्यातून कापले जातात आणि तेवढेच कंपनी घालते. पासबुकात तीन रकाने असतात: माझा वाटा, कंपनीचा वाटा आणि पेन्शन. माझ्या रकान्यात ३,३६०. कंपनीच्या रकान्यात मात्र २,११०. उरलेले १,२५० तिसऱ्या रकान्यात जाऊन बसलेले. पगार पुढे वाढत गेला, कंपनीचा आकडाही वाढला, पण हे १,२५० तिथेच. त्यातला एक रुपयाही तिथे जायला नको होता, एवढंच माझं म्हणणं.

मॅडम काही बोलायच्या आत माझ्या उजव्या कोपराजवळून आवाज आला. "अहो साहेब, ते ३.६७ टक्के असतं."

वळून पाहिलं तर एक काका. काखेत कापडी पिशवी, पिशवीत फाइल, फाइलमध्ये प्लास्टिकच्या कव्हरात घातलेला प्रत्येक कागद, आणि त्या कव्हरांवर स्केचपेनने घातलेले नंबर. त्यांचा नंबर माझ्या मागे नव्हताच. तसं पाहिलं तर त्यांचा नंबर कुठेच नव्हता. पुढे कळलं की ते निवृत्त आहेत, त्यांचं पेन्शन व्यवस्थित सुरू आहे, कार्यालयाकडे त्यांचं काहीही काम नाही. ते येतात. काही माणसं सकाळी बागेत जातात, काका इथे येतात. इथे पंखे चांगले आहेत आणि अडलेली माणसं आयती मिळतात.

"कंपनीच्या बारा टक्क्यांतले ८.३३ पेन्शनला, ३.६७ पीएफला," काका म्हणाले. "पाठ करून ठेवा."

मी म्हटलं, "पाठ आहे. पण अठ्ठावीस हजाराचे ८.३३ टक्के २,३३२ होतात. इथे १,२५० आहेत."

"म्हणजे कंपनी खाते!" काका खिडकीकडे वळून ओरडले. "मॅडम, यांची कंपनी हजार रुपये खाते!"

आता आणखी लोक हसले नाहीत, उलट कान देऊन ऐकू लागले. माझ्या कंपनीवर मी चोरीचा आळ घेतो आहे, असं चित्र तयार झालं. खरं तर इथे कोणी काही खात नव्हतं. ८.३३ टक्के हे तुमच्या पगारावर नसतातच, ते पगाराच्या मर्यादेवर असतात, आणि ती मर्यादा १ सप्टेंबर २०१४पासून पंधरा हजार आहे. पंधरा हजाराचे ८.३३ टक्के १,२४९ रुपये ५० पैसे, पूर्ण रुपयात १,२५०. तुमचा मूळ पगार अठ्ठावीस असो की अठ्ठ्याऐंशी, मर्यादेवर चालणाऱ्या पेन्शनच्या रकान्यात १,२५० च्या वर काही चढत नाही. उरलेलं सगळं पीएफला. म्हणून ते ३.६७ फक्त पंधरा हजारांपर्यंतच्या पगाराला लागू पडतं. माझ्या बाबतीत ते साडेसात टक्क्यांच्या आसपास जातं. हे मी काकांना सांगितलं.

काका दोन सेकंद गप्प बसले. मग फाइल उघडून अकरा नंबरचं कव्हर काढलं. त्यात त्यांच्या जुन्या पगाराची स्लिप होती. "आमच्या वेळी ५४१ जायचे," ते म्हणाले.

बरोबर होतं. तेव्हा मर्यादा साडेसहा हजार होती. पण काकांनी ते असं काही म्हटलं, जणू ५४१ मध्ये त्या काळी सोन्याचं नाणं यायचं. मग त्यांनी सरकारचा वाटा काढला. केंद्र सरकार स्वतःकडून १.१६ टक्के घालतं, तेही त्याच मर्यादेपर्यंत; पंधरा हजारावर १७४ रुपये. ते पासबुकात दिसत नाहीत. काकांना हे फार आवडतं. "दिल्लीतून माझ्यासाठी महिन्याला पैसे येत होते, आणि घरात कोणाला पत्ता नाही," असं सांगताना त्यांचा चेहरा उजळला. मी खिडकीवर आहे, माझ्या मागे माणसं आहेत, हे दोन्ही काका विसरले होते. मॅडमही विसरल्या होत्या. त्या चहा पीत होत्या.

इथे थोडं विषयांतर. सरकारी कार्यालयांत दोरीला बांधलेलं पेन असायचं. आता दोरी आहे, पेन नाही. म्हणून मी माझं पेन काढून अर्ज लिहीत होतो, तर काकांनी ते हातातून घेतलं आणि माझ्याच अर्जाच्या पाठीमागे गणित सुरू केलं. अर्जाच्या पाठीमागे. त्या अर्जावर मला नंतर शिक्का हवा होता.

गणित असं: पेन्शनयोग्य पगार गुणिले नोकरीची वर्षं, भागिले सत्तर. पेन्शनयोग्य पगार म्हणजे शेवटच्या साठ महिन्यांची सरासरी, तीही मर्यादेच्या आत. माझी अठ्ठावनाव्या वर्षापर्यंत निदान दहा वर्षं धरली, तर पंधरा हजार गुणिले दहा भागिले सत्तर, २,१४३ रुपये महिना. "जन्मभर!" काका म्हणाले. "तुमच्यानंतर वहिनींना! आणि तुम्ही नको म्हणता?"

खरं सांगायचं तर या गणिताने मी जरा हललो. दहा वर्षांत जमा होणार दीड लाख, आणि त्यावर वर्षाला पंचवीस हजारांच्या वर पेन्शन. बाहेर कोणी एवढं देणार नाही. काकांचा मुद्दा वाईट नव्हताच. फक्त तो मला लागू नव्हता. ही गोष्ट मात्र काकांना, मॅडमना आणि आमच्या एचआरला एकाच वेळी पटवून देणं माणसाच्या आवाक्यातलं नाही.

कारण २०१४च्या त्याच दुरुस्तीने मर्यादा वाढवली आणि दारावर पहारेकरीही बसवला. १ सप्टेंबर २०१४ नंतर जो पहिल्यांदा पीएफमध्ये येतो आणि ज्याचा पगार त्या वेळी पंधरा हजारांच्या वर असतो, तो पेन्शन योजनेचा सभासद होऊच शकत नाही. त्याचा कंपनीकडचा वाटा पूर्णपणे पीएफला जायला हवा. माझा म्हणजे ३,३६०. जो आधीपासून सभासद आहे, त्याचा पगार नंतर कितीही वाढला तरी त्याचे १,२५० चालू राहतात. शेजारच्या टेबलावरच्या माझ्या सहकाऱ्याची आधीची नोकरी २०११ची आहे, तेव्हापासून तो सभासद. त्याचे १,२५० अगदी योग्य. आमचा पगार सारखा, पासबुकही सारखं दिसतं. त्याचं बरोबर आहे, माझं चूक.

"मग तुमचं पेन्शन?" काकांनी विचारलं.

"मिळणार नाही. सभासदच नाही तर पेन्शन कसलं. उद्या अर्ज केला तर तोही परत येईल. पैसे मात्र तिथे अडकलेत."

काका पहिल्यांदाच खरे दुःखी झाले. पण माझ्यासाठी नाही. त्यांच्या मुलासाठी. मुलगा २००९पासून नोकरीत, मूळ पगार अठ्ठावीस हजार. मर्यादा पंचवीस हजार होणार अशी चर्चा बरीच वर्षं चालू आहे, आणि काका त्याची वाट पाहत आहेत, कारण पेन्शन वाढेल. मी त्याच अर्जाच्या पाठीमागे, जागा शोधून, त्यांना मांडून दाखवलं. समजा मर्यादा पंचवीस झाली, तर मुलाच्या पेन्शनच्या रकान्यात १,२५० ऐवजी २,०८३ जातील. कंपनी तर ३,३६०च देणार. म्हणजे पीएफचे २,११० उतरून १,२७७ होणार. कंपनीच्या खिशातून एक पैसा जास्त जात नाही, मुलाच्याच पैशांचा एक तुकडा व्याज मिळणाऱ्या खात्यातून उचलून पेन्शनच्या खात्यात पडतो. ज्या कंपन्या फक्त पंधरा हजारांवरच पीएफ भरतात, त्यांचं वेगळं. त्या आज १,८०० देतात, त्यातले १,२५० पेन्शन आणि ५५० पीएफ. मर्यादा पंचवीस झाली की त्यांना तीन हजार द्यावे लागतील, आणि कामगाराचेही तेवढेच कापले जाऊन हातात येणारा पगार बाराशेने घटेल.

"मुलाला हे सांगू नका," काका म्हणाले.

मी त्यांच्या मुलाला ओळखत नाही.

मॅडमचा चहा संपला. त्यांनी माझा अर्ज उलटा करून पाहिला, काकांचं हस्ताक्षर ओळखलं बहुतेक, कारण उसासा टाकला. मग मात्र त्या एकदम मुद्द्याचं बोलल्या, आणि बरोबर बोलल्या. दुरुस्ती माझ्या अर्जाने होत नाही. कंपनीने लिहून द्यायचं की हा माणूस सभासद होण्यास पात्र नव्हता, पेन्शनचा वाटा चुकून भरला गेला. सोबत महिन्यावार रकमा. मग पेन्शनच्या दहा नंबरच्या खात्यातून पीएफच्या एक नंबरच्या खात्यात, व्याजासह, पैसे हलवता येतात. हे सांगायला त्यांना मिनिटही लागलं नाही. काका त्या वेळी माझं पेन घेऊन दुसऱ्या खिडकीवर गेले होते.

ऑफिसात येऊन एचआरच्या पोराला सांगितलं. त्याने संगणकात पाहिलं. नोकरीवर रुजू होताना अकरा नंबरचा फॉर्म भरून घेतात, त्यात आधी पीएफ आणि पेन्शन योजनेत होतात का, असं विचारलेलं असतं. माझ्या फॉर्मवर दोन्हीकडे मी स्वच्छ "नाही" लिहिलेलं आहे. तो फॉर्म फाइलला लावला, आणि सॉफ्टवेअरने मात्र पेन्शनच्या पगारात पंधरा हजार भरले, कारण ते सगळ्यांनाच भरतं.

"सर, तो डिफॉल्ट आहे," पोरगा म्हणाला.

"मग बदल."

"पुढच्या महिन्यापासून बदलतो. पण मागचं पत्र द्यायला महिन्यावार तक्ता लागेल." त्याने माझ्याकडे आदराने पाहिलं, आणि तो आदर मला तेव्हाच महागात पडणार हे कळलं. "तो एक्सेलमध्ये तुम्हीच करून द्या ना सर. तुम्हाला हे सगळं फार छान समजलंय."