शून्य सावली बारा वाजता दिसत नाही

"उद्या १४ मे. दुपारी बरोबर १२ वाजता सूर्य पृथ्वीच्या सर्वांत जवळ येणार आहे, त्यामुळे संपूर्ण भारतात सावली नाहीशी होईल. वर्षातून एकदाच घडणारी घटना, चुकवू नका!"

असा संदेश मे महिन्यात फिरतो. सूर्य बरोबर माथ्यावर आला की सरळ उभ्या वस्तूची सावली तिच्याच तळाशी नाहीशी होते, हीच शून्य सावली. ती खरी, पण संदेशातली वेळ, जागा, कारण आणि "एकदाच" हे सगळं चुकलेलं आहे. आधी वेळेचं बोलू, कारण तिच्यापायी दरवर्षी कितीतरी मुलं उन्हात उभी राहून हिरमुसली होऊन परततात. आपली घड्याळं प्रयागराजजवळून जाणाऱ्या ८२.५ अंश पूर्व रेखांशाच्या वेळेवर चालतात. पुणे त्या रेषेच्या साडेआठ अंशांहून थोडं जास्त पश्चिमेला आहे. पृथ्वीला एक अंश फिरायला चार मिनिटं लागतात, म्हणून पुण्याची खरी मध्यान्ह सुमारे ३५ मिनिटं उशिरा होते. मेच्या मध्यावर सूर्य सरासरी वेळेच्या साडेतीन-चार मिनिटं पुढे असतो, तेवढी वजा केली की उत्तर येतं १२:३१. बरोबर बाराच्या ठोक्याला पुण्यात एक मीटरची काठी उभी केली तर तिची सावली पश्चिमेकडे चांगली १३ सेंटिमीटर पडलेली दिसेल. आणि १२:३१ नंतरही फार वेळ मिळत नाही. चारच मिनिटांत ती दुसऱ्या बाजूला, पूर्वेकडे, पावणेदोन सेंटिमीटर सरकलेली असते.

मात्र काठी ओळंब्याने तपासून उभी करा. ती एका अंशाने जरी कलली, तरी तेवढीच, पावणेदोन सेंटिमीटरची सावली उरते आणि प्रयोग फसला असं वाटतं. स्वतःच्या सावलीवर तर जाऊच नका. खांदे, डोकं, हात यांची सावली पायांभोवती गोळा होऊन राहतेच. सपाट फरशीवर उपडा ठेवलेला, सरळ बाजूंचा डबा त्यापेक्षा बरा.

आता जागा. सूर्य ज्या अक्षांशावर बरोबर माथ्यावर असतो, तो अक्षांश रोज सरकतो. मेच्या मध्यावर हा वेग दिवसाला साधारण २७ किलोमीटर उत्तरेकडे असा असतो. कोल्हापूरला शून्य सावली ६-७ मेच्या सुमारास येते, आठवड्याने १३-१४ मेला पुण्यात, आणि नागपूरला पोचायला २६ मे उजाडतो. एकाच दिवशी सगळीकडे ती येणं शक्यच नाही. सूर्यबिंबाची रुंदी अर्धा अंश असल्याने एखाद्या गावी लागोपाठ दोन दिवस सावली जवळजवळ दिसेनाशी होते, एवढीच काय ती सवलत. दिल्ली तर कर्कवृत्ताच्या, म्हणजे साडेतेवीस अंशांच्या, पलीकडे आहे. तिथे हा दिवस कधीच येत नाही.

सूर्याच्या जवळ येण्याशी याचा काही संबंध नाही. पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते जानेवारीच्या सुरुवातीला, पुण्यात सकाळी स्वेटर लागतो तेव्हा. सर्वांत दूर असते जुलैच्या सुरुवातीला. १४ मेला ती सरासरीपेक्षा दूरच असते.

राहिली "एकदाच"ची गोष्ट, आणि मला तीच सर्वांत महत्त्वाची वाटते. पृथ्वीचा आस साडेतेवीस अंश कललेला असल्याने माथ्यावरचा सूर्य २१ मार्चच्या सुमारास विषुववृत्तावरून निघतो, २१ जूनच्या सुमारास कर्कवृत्ताला पोचतो आणि तिथून परत फिरतो. वाटेतलं प्रत्येक गाव त्याला जाताना एकदा लागतं आणि येताना एकदा. पुण्याहून पुढे जाऊन परतायला त्याला अडतीस-अडतीस दिवस लागतात, म्हणून दुसरी शून्य सावली २९-३० जुलैला. गाव कर्कवृत्ताच्या जितकं जवळ तितके हे दोन दिवस जवळ येतात. नागपूरला त्यांत ५२ दिवसांचं अंतर असतं (२६ मे आणि १७ जुलै), तर बंगळुरूला २४ एप्रिल आणि १८ ऑगस्ट, म्हणजे जवळजवळ चार महिने.

या दोन दिवसांच्या मधल्या काळात दुपारचा सूर्य पुणेकरांच्या उत्तरेला असतो! २१ जूनला त्याच एक मीटरच्या काठीची मध्यान्हीची सावली दक्षिणेकडे साडेआठ सेंटिमीटर पडते. त्याच दिवशी दिल्लीत ती उत्तरेकडे नऊ सेंटिमीटर असते. डिसेंबरात पुण्यातली हीच सावली उत्तरेकडे ९० सेंटिमीटर लांब होते.

दुसरा दिवस लोकांच्या लक्षात राहत नाही, कारण जुलैअखेर आपल्याकडे आभाळ भरलेलं असतं. तरी गच्चीवर काठी तयार ठेवायला हरकत नाही, कधी कधी नेमकी तेवढी पाच मिनिटं उघडीप मिळते. फक्त तेव्हा १२:३१ ला जाऊ नका. जुलैअखेर सूर्य सरासरी वेळेच्या साडेसहा मिनिटं मागे पडलेला असतो, त्यामुळे पुण्यात वेळ असते १२:४१.