उलटे शिवलेले पोते आणि पाचपैकी दोन गुण

आज संध्याकाळी भाचीने चाचणीची उत्तरपत्रिका माझ्यापुढे ठेवली आणि तेव्हापासून डोके ठिकाणावर नाही. सामाजिक शास्त्रांच्या पेपरात ‘प्रादेशिक व्यापारसंघांचे फायदे सांगून त्यांवरील टीका लिहा’ असा प्रश्न होता. फायदे तिने पुस्तकातलेच लिहिले होते. टीकेत मात्र तिने स्वतःचे एक वाक्य घातले होते: ‘तिसऱ्या देशाचा माल कमी शुल्काच्या सदस्य देशातून फिरवून आणला जातो.’ त्यावर लाल रेघ आणि शेजारी शेरा, ‘पुस्तकात नाही’. गुण पाचपैकी दोन.

ते वाक्य तिला मीच सांगितले होते, म्हणून राग अधिक आहे. न्हावाशेवा बंदरातला माल सोडवून घेणाऱ्या एका कचेरीत मी कित्येक वर्षे काढली. एकदा काळ्या मिरीच्या एका कंटेनरची तपासणी माझ्यासमोर झाली. कागद चोख होते, माल कोणत्या देशाचा ते सांगणाऱ्या उगम प्रमाणपत्रावर श्रीलंका होते आणि पोत्यांवर कोलंबोचे ठसेही होते. अधिकाऱ्याने एक पोते उसवायला लावले. आत दुसरे पोते निघाले, उलटे करून शिवलेले, आणि त्याच्या आतल्या बाजूला व्हिएतनामी अक्षरे होती.

कोणी एवढा खटाटोप का करावा, हे समजले की धड्यातील अर्धा भाग आपोआप उलगडतो. समजा, मिरीचा भाव किलोला ३०० रुपये आहे. २०१७ च्या सुमारास ती व्हिएतनामहून थेट आणली, तर आग्नेय आशियातील देशांशी झालेल्या आसियान करारातील सवलत धरूनही ५० टक्क्यांहून अधिक शुल्क पडे, म्हणजे किलोमागे दीडशे रुपयांच्या वर. तीच मिरी श्रीलंकेची म्हणून दक्षिण आशियाई देशांच्या साफ्टा कराराखाली आली तर ८ टक्के, म्हणजे २४ रुपये. भारत आणि श्रीलंका यांच्यात २००० सालापासून लागू असलेल्या करारानुसार तर वर्षाला २,५०० टनांपर्यंत शुल्क शून्य. एवढ्या फरकासाठी पोते उलटे शिवणारा माणूस मिळणारच.

नियम अर्थातच आहेत. शेतमाल सवलतीत यायचा, तर तो त्या देशात पिकलेला असावा लागतो. चाळल्याने किंवा पोते बदलल्याने त्याचा उगम बदलत नाही. पण प्रमाणपत्र निर्यात करणाऱ्या देशात मिळते आणि माल उघडतो तो आपल्या बंदरात. प्रत्येक पोते कोण उसवणार? शेवटी डिसेंबर २०१७ मध्ये सरकारने मिरीसाठी किलोला ५०० रुपये ही किमान आयात किंमत ठरवली, म्हणजे त्याहून स्वस्त मिरी आणायला बंदी. उगम तपासण्याची जबाबदारी आयातदारावरही टाकणारे नियम तर २०२० साली आले. तोवर कोडगू आणि केरळमधील मिरी उत्पादक ओरडतच होते.

मुले ‘मुक्त व्यापार क्षेत्र’ आणि ‘सीमाशुल्क संघ’ या दोन व्याख्या एकाखाली एक पाठ करतात, पण दोहोंतील फरक त्या पोत्याच्या शिवणीतच आहे. मुक्त व्यापार क्षेत्रात सदस्य आपापसांतले शुल्क काढतात, परंतु बाहेरच्यांसाठी प्रत्येकाचा दर वेगळा राहतो. म्हणून माल सर्वांत स्वस्त दरवाजा शोधतो आणि म्हणूनच उगम प्रमाणपत्र लागते. सीमाशुल्क संघात बाहेरच्यांसाठीचा दरही एकच असतो; युरोपात १९६८ पासून बाहेरच्या मालाला सर्वांचे शुल्क एकच आहे. नेदरलँड्सच्या रॉटरडॅम बंदरात एकदा शुल्क भरून उतरलेला माल जर्मनीत जाताना त्याचे गाव कोणी विचारत नाही. मात्र तिथे कोणत्याही एका देशाला आपल्या शेतकऱ्यासाठी वेगळा दर ठेवता येत नाही. उद्या आपण तसा संघ केला, तर मिरीवरचे आपले सर्वसाधारण ७० टक्के शुल्क एकट्या दिल्लीला ठरवता येणार नाही. टीका लिहायची तर ही लिहावी. ‘राष्ट्रीय सार्वभौमत्वास बाधा येते’ हे गाइडातील वाक्य पोपटही म्हणेल.

कराराचे भले झालेच नाही, असे मी म्हणत नाही. श्रीलंकेत खरोखर मिरी पिकते, ती उत्तम असते आणि तिथल्या प्रामाणिक शेतकऱ्याला आपली बाजारपेठ मिळाली. किमान किमतीचा फटका त्यालाही बसला, हेही कबूल.

हे लिहिता लिहिता राग थोडा निवळला आहे. त्या बाईंपुढे साठ उत्तरपत्रिका असतील आणि हाती आदर्श उत्तराचा कागद. त्यांनी काही न्हावाशेव्याला पोते उसवलेले पाहिले नाही. पण निदान रेघ मारण्याआधी ‘हे कुठून आणलेस?’ एवढे विचारायला हवे होते.

भाचीला गुणांचे फारसे काही वाटलेले दिसत नाही. जेवताना तिने एवढेच विचारले, “मामा, मग त्या पोत्यांचे पुढे काय झाले?” नमुने प्रयोगशाळेत गेले, माल गोदामात अडकला आणि आमच्या कचेरीने ते काम सोडून दिले, एवढेच मी तिला सांगू शकलो.