लाली गेली म्हणजे डोळा बरा झाला, असं नसतं

“डोळा लाल झाला, दुखतोय, अंधुक दिसतंय तरी घाबरू नका. सगळीकडे साथ आहे, डोळे आलेत. दवाखान्यात पैसे घालवू नका. मेडिकलवरून लाली घालवणारा ड्रॉप आणा, तीन दिवस टाका. सोबत मध किंवा बाळंतिणीचं दूध घाला. लाली गेली की डोळा बरा. सर्वांना पाठवा.”

असा मेसेज फोनवर फिरतोय. त्यातलं एकेक तपासू, आधी साथीचं बघू. 2023 च्या पावसाळ्यात राज्यभर डोळ्यांची साथ आली होती, त्यामुळे डोळे येणं म्हणजे काय हे घरोघरी माहीत आहे. डोळ्यात खडा गेल्यासारखं खुपतं, पाणी गळतं, सकाळी चिपडांनी पापण्या चिकटतात. एका डोळ्यातून दुसऱ्यात जातं आणि मग घरातल्या बाकीच्यांना होतं. हे बहुतेक वेळा विषाणूमुळे असतं आणि आठ-पंधरा दिवसांत आपोआप ओसरतं. डोळ्याच्या पांढऱ्या भागावर जे पातळ आवरण असतं, सूज त्याला येते. त्या आवरणाचा दिसण्याशी संबंध नसतो. म्हणून नुसते डोळे आले असतील तर चिपडामुळे धूसर वाटलं तरी डोळा पुसून पापणी मिटली-उघडली की पुन्हा नीट दिसतं.

पुसूनही अंधुकपणा जात नसेल आणि खुपण्याऐवजी डोळा आतून ठणकत असेल, उजेडाकडे बघवत नसेल, तर दुखणं त्या आवरणापुरतं राहिलेलं नाही. ते बुबुळावरच्या पारदर्शक पडद्यात आहे किंवा डोळ्याच्या आत आहे. घरच्या घरी एवढं तपासता येतं: एक डोळा हाताने झाका आणि दुसऱ्याने भिंतीवरचं कॅलेंडर वाचा, मग डोळा बदला. लाल डोळ्याने तारखा पुसट दिसत असतील तर ‘साथ आहे’ म्हणून थांबू नका. आरशात लाली कुठे आहे तेही बघा. डोळे आलेले असताना ती पापणीच्या आतून सगळीकडे पसरलेली असते. आतल्या आजारात बुबुळाभोवती लालसर-जांभळट कडं दाटलेलं दिसतं. पण कडं दिसलं नाही म्हणून निश्चिंत होऊ नका. नजर आणि ठणका या दोन खुणा जास्त भरवशाच्या.

साथीच्या दिवसांतही बुबुळाला मार लागायचा थांबत नाही. आपल्याकडे तर पावसाळा संपला की सोयाबीनची मळणी, मग ज्वारी, तूर, ऊस. औसा तालुक्यातल्या एका मावशींचं उदाहरण सांगते. मळणीयंत्राजवळ उभ्या असताना त्यांच्या डोळ्यात काड उडालं. पदराच्या टोकाने त्यांनी ते काढलं, संध्याकाळपर्यंत डोळा चुरचुरला आणि दुसऱ्या दिवशी बरं वाटलं. चार-पाच दिवसांनी तोच डोळा लाल झाला. दुसरा डोळा स्वच्छ, घरात कुणालाच काही नाही. तेवढ्यात हाच मेसेज मुलाच्या फोनवर आला.

काड, पाचट, तुरीचं खोड यांवर बुरशी असते. पडद्याला ओरखडा गेला की ती आत शिरते आणि सावकाश वाढते. म्हणून मार लागल्यावर मधले काही दिवस चांगले जातात आणि माणसाला तो मार आठवतही नाही.

आता ड्रॉप. लाली घालवणारा म्हणून जो मागितला जातो, त्यात बरेचदा स्टेरॉईड असतं. बाटलीवर डेक्सामेथासोन, बीटामेथासोन किंवा प्रेडनिसोलोन लिहिलेलं असतं, कधी प्रतिजैविकाच्या जोडीने. स्टेरॉईड सूज दाबतं. लाली आणि ठणका हे शरीर जंतूंशी झुंजत असल्याचे परिणाम असतात. ती झुंजच दाबली की डोळा पांढरा दिसायला लागतो आणि बुरशीला रान मोकळं मिळतं. मेसेज वाचून असा ड्रॉप टाकल्यावर मावशींनाही दोन दिवस बरं वाटलं होतं. पाचव्या दिवशी बुबुळावर राखाडी-पांढरा ठिपका दिसू लागला आणि समोरच्या माणसाचा चेहरा ओळखू येईना. हर्पिस नावाच्या विषाणूने पडद्यावर जखम झाली असेल तरी हा ड्रॉप असाच घात करतो. डोळ्याच्या आतल्या सुजेवर हेच औषध डॉक्टर मुद्दाम देतात, पण तपासून, जखम नाही याची खात्री करून आणि डोळ्याचा दाब बघत. तेव्हा दोष औषधाचा नाही, तपासणीशिवाय ते टाकण्याचा आहे.

दूध आणि मध यांवर फार बोलायला नको. दोन्ही निर्जंतुक नसतात आणि उघड्या जखमेत घातलं तर नवे जंतू आत जातात.

‘तीन दिवस’ मात्र मला सगळ्यात धोक्याचं वाटतं, कारण एका आजारात तीन दिवस हातात नसतातच. चाळिशी-पन्नाशीच्या पुढच्या माणसाचा एकच डोळा एकाएकी लाल होतो, अर्धं डोकं फुटायला लागतं, उलट्या होतात, दिव्याभोवती रंगीत वलयं दिसतात. हा काचबिंदूचा झटका असू शकतो. डोळ्यातला दाब साधारण 10 ते 21 मिलिमीटर पारा असतो, झटक्यात तो 40-50 च्या वर जातो आणि काही तासांत नजरेच्या शिरेचं कायमचं नुकसान होऊ शकतं. उलट्यांमुळे लोक पित्त समजून गोळी घेतात आणि लाल डोळ्याकडे कुणाचं लक्षच जात नाही. अशा वेळी रात्र असली तरी निघायचं.

पैशांचं म्हणाल, तर पडद्यावरची जखम शोधणारी तपासणी साधी आहे. नारिंगी रंगाची कागदी पट्टी पापणीच्या आत टेकवतात आणि निळ्या उजेडात बघतात. जखम असेल तिथे हिरवा रंग चमकतो. मावशींचा ठिपका असाच चमकला. त्याच्या कडा पिसासारख्या विस्कटलेल्या होत्या, तेव्हा बुरशीचा संशय आला. जखमेचा कण खरवडून, त्यावर पोटॅशियम हायड्रॉक्साईडचा थेंब टाकून सूक्ष्मदर्शकाखाली बघितला आणि बुरशीचे धागे दिसले. छत्रपती संभाजीनगरची घाटी, लातूर, नांदेड, अंबाजोगाई इथल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत नेत्रविभाग आहेत. खर्चाच्या भीतीने थांबण्याऐवजी तिथे जाता येतं.

उपचार चिकाटीचा असतो. नॅटामायसिन 5 टक्के हा ड्रॉप सुरुवातीला जागेपणी दर तासाला, मग हळूहळू कमी करत काही आठवडे. तो बाटलीत तळाशी बसतो, म्हणून दर वेळी हलवून टाकायचा. पापणीत त्याचा पांढरा साका राहतो. त्याला पू समजून काहीजण औषध बंद करतात आणि जखम पुन्हा चिघळते. मावशींची जखम भरली, डोळा वाचला, पण बुबुळाच्या मधोमध फूल राहिलं. आता त्या डोळ्याने हाताची बोटं मोजण्याइतकंच दिसतं. नजर परत यायची तर नेत्ररोपण करावं लागेल, आणि बुरशीने खाल्लेल्या डोळ्यात तेही दर वेळी टिकतंच असं नाही. आधीच्या आठवड्यात, ठिपका लहान आणि कडेला असताना त्या आल्या असत्या, तर फूल नजरेच्या वाटेतून बाजूला राहिलं असतं.

दवाखान्यात जाताना काय उडालं आणि कधी उडालं ते आठवून ठेवा. डोळ्याला घट्ट पट्टी बांधू नका, चोळू नका. काड बुबुळात रुतलेलं असेल तर ते स्वतः उपसू नका. जो काही ड्रॉप टाकलाय त्याची बाटली, संपली असली तरी, पिशवीत घाला. डॉक्टर आधी तिच्यावरचं नाव वाचतील.