‘गुरुवारपर्यंत कळवते’ हे वाक्य तारखेसह लिहून ठेवा

आज दुपारी भाचीचा फोन आला आणि तिच्या आवाजावरूनच काहीतरी बिनसले आहे हे कळले. दोन वेगवेगळ्या कन्सल्टन्सींनी तिचा रेझ्युमे एकाच जागेसाठी पाठवला म्हणून कंपनीने मुलाखतीआधीच तिचे नाव काढून टाकले. “मावशी, दोन्ही एकाच कंपनीसाठी होतं हे मला माहीतच नव्हतं गं,” असे ती म्हणाली, आणि मला माझा तीन वर्षांपूर्वीचा मंगळवार जसाच्या तसा आठवला.

तेव्हा मी सॉफ्टवेअर टेस्टिंगमधली नोकरी बदलत होते, ९० दिवसांचा नोटीस पिरियड चालू होता आणि दिवसाला पाच-सहा रिक्रूटरांचे फोन येत होते. त्यांपैकी एका बाईंनी कंपनीचे नाव सांगितले, मी मेलवर होकार कळवला, आणि “गुरुवारपर्यंत कळवते” असे म्हणून त्यांनी फोन ठेवला. तो गुरुवार गेला, पुढचाही गेला, आणि मी त्यांना विसरले. नंतरच्या मंगळवारी मी रिक्षात असताना दुसऱ्या कन्सल्टन्सीच्या माणसाने “पुण्यातलीच एक मोठी बँक आहे, प्रोफाइल पाठवू का?” एवढेच विचारले आणि मी “पाठवा” म्हणाले. जागा तीच होती. कमिशन कोणाचे हा वाद कंपनीला नको होता, त्यामुळे दोन्ही अर्ज रद्द झाले.

या व्यवहारात तोंडी होकारालाही किंमत असते, हे नव्या मुलांना कोणी का सांगत नाही? एका कन्सल्टन्सीने तुमचे नाव पाठवले की कंपनीच्या नोंदीत तुम्ही ठरावीक काळ, पुष्कळ ठिकाणी सहा महिने, तिचेच उमेदवार राहता. म्हणून कंपनीचे नाव आणि जागेचा क्रमांक कळल्याशिवाय होकार द्यायचा नाही, आणि दिलेला होकार त्याच मिनिटाला लिहून ठेवायचा.

भाचीकडे शीट होती, पण तिच्यात ‘स्टेटस’ नावाचा एक रकाना आणि खाली चौदा ओळींत ‘प्रोसेसमध्ये’. त्या शब्दावरून कोणाला फोन करायचा हे कळत नाही आणि कधी करायचा हेही कळत नाही. खरे रकाने सहाच लागतात: ज्या कंपनीत जागा आहे तिचे नाव व त्या जागेचा क्रमांक, मध्यस्थ कोण, होकार कधी दिला, पगाराचा कोणता आकडा सांगितला, उत्तराची कबूल केलेली तारीख, आणि आता उत्तर देणे कोणाकडे आहे, ‘माझे’ की ‘त्यांचे’. रिक्रूटरचे वाक्य त्याच तारखेच्या खान्यावर टीप म्हणून जसेच्या तसे टिपावे. “लवकरच सांगतो” म्हणाले तर “मग कोणत्या वारी विचारू?” असे तिथल्या तिथे विचारावे, तरीही वार मिळाला नाही तर पाच कामकाजाचे दिवस मोजून आपणच तारीख घालावी.

तारीख उलटलेली ओळ आपोआप लाल व्हावी म्हणून कंडिशनल फॉरमॅटिंगमध्ये मी हे सूत्र घालते. यात E हा तारखेचा रकाना आहे आणि F हा उत्तर कोणाकडे आहे त्याचा:

```
=AND($E2<>"",$E2<TODAY(),$F2="त्यांचे")
```

पहिली अट गाळली तर तारीख नसलेल्या ओळीही लाल होतात, आणि मग लाल रंगाकडे आपण बघेनासे होतो.

रिक्रूटरांकडे एकाच वेळी पुष्कळ जागा असतात आणि कंपनीच त्यांना उत्तर देत नाही, हे मान्य. पण मग तारीख देऊ नये! समोरचा माणूस त्या तारखेवर दुसरी ऑफर थांबवून बसलेला असतो.

थोडी शांत होऊन लिहिते, कारण त्या बाईंवर माझा आता राग नाही. माझ्याकडे ही शीट असती तर त्या शुक्रवारी सकाळी ओळ लाल झाली असती आणि मी एवढाच मेल केला असता: “आपण गुरुवारपर्यंत कळवणार होतात. माझे प्रोफाइल कंपनीकडे गेले आहे का?” हा प्रश्न महत्त्वाचा आहे, कारण पुष्कळदा ते गेलेलेच नसते, आणि तसे लेखी कळले की आपला होकार मेलवर मागे घेऊन दुसऱ्याला हो म्हणता येते. दोनदा विचारूनही उत्तर आले नाही तर ओळ करडी करावी, पण पुसू नये. मंगळवारी रिक्षात मला गरज होती ती नेमक्या त्याच जुन्या ओळीची.

भाची रविवारी येते आहे. तिचे व्हॉट्सॲप, मेल आणि फोनची यादी उघडून आम्ही गेल्या सहा आठवड्यांतले होकार शोधणार आहोत. ज्या तीन कन्सल्टन्सींनी कंपनीचे नाव सांगितलेले नाही, त्यांना सोमवारी सकाळी पहिला मेल जाईल.