काकांची पाणसळ

छत्रीची मूठ छापायला अडीच तास लागतात. मला अडीच दिवस लागले, आणि श्रेय गेलं शेजारच्या काकांना.

माझ्या थ्रीडी प्रिंटरला ऑटो लेव्हलिंग आहे. प्लास्टिक सोडणाऱ्या नोझलशेजारची प्रोब छपाईच्या बेडला पंचवीस ठिकाणी टोचून उंचसखलपणाचा नकाशा काढते, आणि छापताना नोझल त्या नकाशाप्रमाणे वरखाली होतं. माझी प्रोब दर वेळी वेगळाच नकाशा काढायची. सकाळी डावा कोपरा खड्ड्यात, दुपारी तोच टेकाडावर. आमच्या गल्लीतले खड्डेसुद्धा इतक्या लवकर जागा बदलत नाहीत.

शहाणपणा करून रात्री प्रिंटरचं फर्मवेअर, मार्लिन, नवं चढवलं. त्यात प्रोबचा ऑफसेट उडाला. प्रोब टेकते त्या क्षणी नोझल बेडच्या किती वर असतं, तो हा आकडा. माझा -2.35, आता शून्य. त्यामुळे नोझल 2.35 मिलिमीटर अधांतरी राहून मनोभावे शेवया पाडत बसलं. मग हे टाकलं:

```
M502
M851 Z-2.35
M500
```

शेवटची ओळ विसरलात, तर बंद-चालू केल्यावर पुन्हा शेवया. शेवया थांबल्या, नकाशा मात्र तसाच लहरी.

तेवढ्यात काका आले. मूठ त्यांच्याच छत्रीची.

"ऑटो म्हणजे आपोआप ना रे?"

"हो."

"मग तू रात्रभर काय करत होतास?"

उत्तराची वाट न बघता ते घरी गेले आणि पाणसळ घेऊन आले. परळच्या वर्कशॉपात आयुष्य घालवलेला माणूस. बेडवर पाणसळ ठेवली, एक डोळा मिटला, बुडबुड्याकडे बघत म्हणाले, "मशीन नाही, चाळ कललीय."

काका, बेड जमिनीशी समांतर नसला तरी चालतो, नोझल ज्या दांड्यावर सरकतं त्याच्याशी जमलं की झालं, हे मी दोनदा सांगितलं. त्यांनी प्रिंटरच्या पायाखाली घालायला पुठ्ठ्याची घडी केली. मी मुकाट्याने `M48 P10` दिलं. प्रोब एकाच जागी दहादा टोचते आणि आकड्यांत किती फरक पडतो ते सांगते. उत्तर आलं 0.06. पहिला थर अख्खा 0.2 चा. एकाच जागेचं माप इतकं हलत असेल, तर पंचवीस जागांच्या नकाशाला काय अर्थ? म्हणजे फर्मवेअर बिचारं निर्दोष.

पाणसळ उचलताना काकांचं कोपर प्रोबला लागलं. प्रोब डुलली. तिच्या पट्टीचा एक स्क्रू सैल होता. पाव फेरा आवळला, पुन्हा `M48`: 0.003. बेड तापवून दहा मिनिटं थांबलो, कारण गार बेडचा आकार वेगळा असतो, आणि मग नकाशा काढला. तीनदा काढला, तिन्ही जुळले.

संध्याकाळी गॅलरीत काका सांगत होते, "पुठ्ठा घातला, लगेच सुधारलं."

मूठ दिली. त्यांनी ती कठड्यावर आडवी ठेवली आणि वर पाणसळ ठेवून एक डोळा मिटला.