गेटचा रिमोट कॉपी होतो का? खुलासा

"कुठलाही रिमोट रिसीव्हरनं एकदा रेकॉर्ड केला की गेट कायम उघडतं, खरंय का?"

नाही हो. आमच्या सांगलीतल्या घरी रेडिओ रिमोटचा फॅन आहे, त्याचा कोड दरवेळी तोच, म्हणून ४३३.९२ मेगाहर्ट्झवर रेकॉर्ड करून परत सोडला की फॅन चालू. बहुतेक नव्या गेटचं तसं नाही, तिथं रोलिंग कोड, बटण दाबलं की रिमोटमधला आकडा पुढं सरकतो आणि तो एन्क्रिप्ट होऊन जातो, गेट शेवटच्या आकड्याच्या पुढचाच कोड घेतं. मी माझाच रिमोट गेटपासून लांब नेऊन रेकॉर्ड केला आणि मग गेटजवळ परत सोडला तर एकदा उघडलं, कारण तो कोड गेटनं ऐकलाच नव्हता, दुसऱ्यांदा ढिम्म! अफवा बहुतेक इथूनच उठते. एकच बटण दोनदा रेकॉर्ड करून बघा, कोड बदलला तर रोलिंग.